गाड्याबरोबर नळ्याची यात्रा: भाव दुप्पट झाला तरी तांब्याच्या खाणीतून सोनं तेवढंच का येतं

सोन्याचा भाव चढला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, की आता खाणवाले जोरात खणतील, माल वाढेल आणि भाव आपोआप खाली येईल. बाकी बऱ्याच गोष्टींत असं होतंही, म्हणून ऐकायला बरोबर वाटतं. पण सोन्याचा एक भाग असा आहे की तो काढणारा माणूस मुळात सोन्यासाठी खाण चालवतच नसतो, तो तांब्यासाठी चालवतो आणि सोनं त्याच दगडातून सोबत येतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ना, तसं. आता नळ्याचा भाव कितीही वाढला तरी गाडा कुठे आणि किती वेगाने जाणार हे नळा ठरवत नाही. बाकीचा लेख म्हणजे हे नक्की कशामुळे होतं त्याचा तपशील आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, जगातलं बहुतेक सोनं खास सोन्याच्या खाणींतूनच येतं, तांब्यासोबत येणारा वाटा त्यापेक्षा बराच लहान आहे. पण लहान म्हणजे किरकोळ नाही, कारण जगातल्या सगळ्यात मोठ्या सोनं देणाऱ्या खाणींपैकी एक, इंडोनेशियातल्या पापुआमधली ग्रासबर्ग, ही खरं तर तांब्याची खाण आहे. तिचा हिशोब पुढे सविस्तर बघू, कारण ती एकटीच हा सगळा प्रकार दाखवायला पुरेशी आहे.

तर दगडापासून सुरुवात करू. अशा खाणींत जो साठा असतो त्याला पॉर्फिरी म्हणतात. जमिनीखाली काही किलोमीटरवर वितळलेला खडक थंड होताना त्यातून गरम खारं पाणी बाहेर पडतं, आजूबाजूच्या खडकाला बारीक बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये तांब्याचे सल्फाइड, म्हणजे गंधकाशी जोडलेलं तांबं, जमतात, आणि त्याच पाण्यातून काही ठिकाणी सोनंही येऊन तिथेच बसतं. म्हणजे तांबं एकीकडे आणि सोनं दुसरीकडे असं नसतं, दोन्ही एकाच दगडात, बऱ्याचदा एकाच खनिजाच्या कणात असतात. हे कण इतके बारीक की हातात दगड घेऊन बघितलात तर सोनं दिसणार नाही, पिवळं चमकतं ते चाल्कोपायराइट नावाचं तांब्याचंच खनिज, तेही नीट बघितलं तर. प्रमाण किती, तर तांबं अर्धा-एक टक्का आणि सोनं टनाला एक ग्रॅमच्याही खाली, असे आकडे अगदी नेहमीचे आहेत.

आता एक काल्पनिक खाण घेऊ, आकडे गोल ठेवतो म्हणजे हिशोब डोक्यात करता येईल. खाणीची गिरणी, म्हणजे दगड दळायचा प्लांट, रोज १ लाख टन दगड दळू शकते. दगडात तांबं ०.५ टक्के आणि सोनं टनाला ०.२५ ग्रॅम. म्हणजे रोज ५०० टन तांबं आणि २५ किलो सोनं गिरणीत शिरतं. सगळं काही हाती लागत नाही, तांब्याचं ८८ टक्के धरू आणि सोन्याचं ६५ टक्के, म्हणजे शेवटी रोजचं ४४० टन तांबं आणि सव्वासोळा किलो सोनं. तांबं टनाला ९,००० डॉलर धरलं तर रोजचे साधारण ४० लाख डॉलर होतात. सोनं औंसाला २,००० डॉलर धरलं, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, तर सव्वासोळा किलोचे साधारण साडेदहा लाख. एकूण ५० लाखांत सोन्याचा वाटा पाचवा हिस्सा.

आता सोनं दुप्पट झालं समजा, ४,००० डॉलर. मालकाची कमाई ५० वरून ६० लाखांवर गेली, तो अर्थातच खुश. पण सोनं किती निघालं? तेच सव्वासोळा किलो. कारण गिरणी आधीपासूनच चोवीस तास पूर्ण भरून चालू आहे. अशी गिरणी उभारायला अब्जावधी डॉलर लागतात, ती कोणी अर्धी रिकामी ठेवत नाही, पहिल्या दिवसापासून जमेल तेवढं दळायचं हाच हिशोब असतो. म्हणजे भाव वाढल्यावर दाबायला एक्सलरेटर शिल्लकच नसतो, पाय आधीच तळाला टेकलेला आहे.

मग गिरणी दुप्पट करा की! करता येईल, पण दुसरी १ लाख टनाची गिरणी उभी केली की सोन्यासोबत रोजचं आणखी ४४० टन तांबं पण येणार, आणि खर्च वसूल होणार की नाही हे मुख्यतः त्या तांब्यावर ठरणार, कारण भाव दुप्पट झाल्यावरसुद्धा आपल्या हिशोबात सोनं एकूण कमाईच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. शिवाय वीज, पाणी, दळून उरलेला गाळ साठवायला धरण, आणि या सगळ्याच्या परवानग्या. तांब्याचा बाजार पडलेला असेल तर फक्त सोन्याकडे बघून असा निर्णय कुठलं बोर्ड घेणार नाही.

इथे कोणी हुशार माणूस विचारेल की ठीक आहे, दगड तेवढाच राहू दे पण त्यातून ६५ टक्क्यांऐवजी जास्त सोनं काढा. प्रश्न बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर इथे थोडी जागा असते, म्हणून हा भाग जरा जवळून बघू.

दगड दळून पीठ झालं की ते पाण्यात मिसळून मोठमोठ्या टाक्यांमध्ये घालतात आणि खालून हवा सोडतात. पाण्यात झॅन्थेट नावाचं रसायन असतं, ते तांब्याच्या सल्फाइड कणांना चिकटतं आणि त्या कणांना पाणी नकोसं होतं, मग ते बुडबुड्याला धरून वर येतात. वर करडा, धातूसारखा चमकणारा फेस जमतो आणि टाकीच्या कडेवरून ओघळतो, त्यालाच वाळवून कॉन्सन्ट्रेट म्हणतात, त्यात तांबं साधारण २५ टक्के. या पद्धतीला फ्लोटेशन म्हणतात. टाकीवर उभा असलेला ऑपरेटर नुसता फेसाचा रंग आणि बुडबुड्यांचा आकार बघून सांगतो की आज काहीतरी बिघडलंय. सोनं यात कसं येतं, तर तांब्याच्या कणाला चिकटलेलं किंवा त्याच्या आत अडकलेलं सोनं त्याच्याबरोबर फुकटात वर येतं. पण काही सोनं पायराइटमध्ये असतं, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइडमध्ये, आणि पायराइट कोणालाच नको असतं कारण ते कॉन्सन्ट्रेट पातळ करतं. म्हणून टाकीत चुना घालून पायराइट खालीच दाबून ठेवतात. ते गाळात जातं आणि सोबत त्यातलं सोनंही जातं.

सोनं महागलं की चुना थोडा कमी करता येतो. मग पायराइट थोडं वर येतं आणि त्यातलं सोनंही. आपल्या खाणीत ६५ चे ६८ टक्के झाले समजा, तर रोज पाऊण किलो सोनं जास्त, आणि ४,००० डॉलरच्या भावाने ते रोजचे साधारण ९६ हजार डॉलर होतात. वाईट नाही अजिबात. पण किंमत मोजावी लागते, कॉन्सन्ट्रेट २५ वरून २३ टक्क्यांवर आलं तर तेवढ्याच तांब्यासाठी रोज १,७६० टनांऐवजी १,९१० टन माल जहाजात भरावा लागतो आणि तो वितळवायचे पैसे स्मेल्टरला द्यावे लागतात, आणि फार खाली गेलं तर स्मेल्टर नाक मुरडतो. तरी भाव दुप्पट असेल तर हे परवडतं आणि प्लांटवाले असं करतातही. मुद्दा एवढाच की हे एकदाच करता येतं. ६५ चे ६८ झाले, फार तर ७० होतील, पुढे रस्ता बंद. भाव १०० टक्के वाढला आणि सोनं पाच टक्के वाढलं, याला प्रतिसाद म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता एक गंमत, जी मला स्वतःला बरेच दिवस उलटी वाटायची. खाणीत कुठला दगड गिरणीत जायचा आणि कुठला कचरा म्हणून बाजूच्या ढिगावर, हे एका सीमारेषेवर ठरतं, त्याला कटऑफ म्हणतात. दळण्याचा खर्च ज्यातून निघतो तो माल, बाकी कचरा. सोन्याचा भाव वाढला की कालपर्यंत कचरा असलेला दगड आज माल होतो, कारण त्यातल्या थोड्याशा सोन्याचेही आता पैसे येतात. कागदावर साठा वाढतो, आणि बातमीत येतं की अमक्या कंपनीचे सोन्याचे साठे वाढले, वाचणाऱ्याला वाटतं आता पुरवठा वाढणार. पण गिरणी तेवढीच आहे! हा नवा गरीब दगड लगेच गिरणीत घातला तर श्रीमंत दगडाला रांगेत मागे ढकलावं लागेल, आणि रोजचं सोनं उलट कमी होईल. म्हणून बहुतेक वेळा तो बाजूला साठवतात किंवा आराखड्याच्या शेवटी टाकतात. भाव वाढल्याने खाणीचं आयुष्य वाढतं, २५ वर्षं चालणार होती ती ३० चालते, पण उद्या सकाळचं सोनं वाढत नाही. मिळतं जास्त, पण ते आपल्याला नाही, नातवंडांना.

मग खाणीतच जिथे सोनं जास्त आहे तिकडे आधी का नाही खणत? उघड्या खाणीत थोडंफार जमतं, पण खड्डा हा वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो, एकेक पायरी साधारण १५ मीटरची, आणि खालचा श्रीमंत भाग गाठायचा तर आधी वरचा आणि कडेचा कोट्यवधी टन दगड हलवावा लागतो. कुठल्या वर्षी कुठली पायरी येणार हे चार-पाच वर्षं आधीच ठरलेलं असतं.

मंगोलियातली ओयू तोल्गोई बघा. तिथे २०१५ मध्ये साडेसहा लाख औंसच्या आसपास सोनं निघालं आणि २०१७ मध्ये सव्वा लाख औंसही नाही. दोन वर्षांत जवळपास सहाव्या हिश्शावर! तांबंही घटलं पण एवढं नाही, साधारण पाव हिश्शाने. खाणीत काही अपघात नव्हता, संप नव्हता, आणि सोन्याचा भाव त्या दोन वर्षांत उलट थोडा वरच गेला होता. झालं एवढंच की खड्ड्याचा सोन्याने श्रीमंत टप्पा संपला आणि पुढचा टप्पा सोन्याने गरीब होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि ही खाण सुरू झाली तेव्हाची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे, पहिलं कॉन्सन्ट्रेट २०१३ मध्ये निघालं, म्हणजे ज्या वर्षी सोन्याचा भाव पाव हिश्शाहून जास्त कोसळला बरोबर त्याच वर्षी तिचं सोनं बाजारात यायला लागलं. भाव पडला म्हणून कोणी थांबलं नाही, कारण ती बांधली होती तांब्यासाठी. म्हणजे हा दोर दोन्ही बाजूंनी सैल आहे, भाव चढला तर सोनं वाढत नाही आणि पडला तर घटत नाही.

आता ग्रासबर्ग. १९८८ मध्ये हा साठा सापडला, चार हजार मीटरच्या वर, ढगात आणि पावसात. तीसेक वर्षं तिथे प्रचंड उघडा खड्डा खणला, आणि २०१८ मध्ये, खड्ड्याच्या तळाशी शेवटच्या श्रीमंत पायऱ्या चालू असताना, फ्रीपोर्ट कंपनीने तिथलं साधारण २४ लाख औंस सोनं विकलं, म्हणजे ७४-७५ टन. २०१९ मध्ये ते १० लाखांच्या आत आलं आणि २०२० मध्ये आणखी खाली. आता त्याच काळातला भाव बघा, २०१८ मध्ये सरासरी १,२७० डॉलरच्या आसपास आणि ऑगस्ट २०२० मध्ये इतिहासात पहिल्यांदा २,००० च्या वर. म्हणजे सोन्याने विक्रम केला त्या वर्षी जगातली एक सगळ्यात मोठी सोनं देणारी खाण दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी सोनं देत होती.

कारण सरळ आहे, खड्डा संपला होता. २०१९ च्या अखेरीस उघडी खाण बंद झाली आणि काम जमिनीखाली गेलं, खड्ड्याच्याच खाली. ही भूमिगत खाण काही भाव बघून उघडली नाही, तिच्या बोगद्यांची तयारी त्याआधी दीड दशकापासून चालू होती, जेव्हा सोनं ५०० डॉलरच्याही खाली होतं. आणि एकदा सुरू झाल्यावर ती हळूहळूच वाढते. २०२१ मध्ये सोनं साधारण १३-१४ लाख औंसवर आलं आणि २०२२ मध्ये १८ लाखांच्या आसपास. २०२२ मध्ये भाव वर्षभर वरखाली होत होता, खाणीला त्याचं काही नव्हतं, ती आपल्या वेळापत्रकाने वर चढत होती.

हळूहळूच का, हे समजायला ब्लॉक केव्हिंग कसं चालतं ते बघावं लागेल, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच आहे. दगडाचा एक प्रचंड ठोकळा घ्या, शेकडो मीटर उंच. त्याच्या तळाखाली बोगद्यांचं जाळं करतात आणि मग ठोकळ्याचा तळ सुरुंग लावून कापून टाकतात, खालून आधार काढून घेतात. आता वरचा दगड स्वतःच्या वजनाने तडकायला आणि ढासळायला लागतो. खाली नरसाळ्यासारखी तोंडं केलेली असतात, तुकडे त्यातून खाली येतात आणि बुटके लोडर ते उचलून क्रशरकडे नेतात. सुरुंग फक्त तळाला, बाकी सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. त्यामुळे स्वस्त पडतं, आणि म्हणूनच एवढा गरीब दगडही परवडतो.

पण या पद्धतीत माणसाच्या हातात फार कमी राहतं. इथे सोनं जास्त आहे म्हणून हाच भाग आधी काढू, असं चालत नाही, वरून जे खाली येईल ते घ्यायचं. वेगही आपला नाही. नवीन तोंडं उघडायची तर आधी बोगदे, काँक्रीट, मग तळ कापणं, आणि दर महिन्याला ठरावीकच तोंडं होतात. जी तोंडं चालू आहेत त्यांतून घाईने ओढलं तर वरचा दगड तेवढ्या वेगाने तडकत नाही, मग मधे पोकळी तयार होते, आणि ती पोकळी म्हणजे सगळ्यात भीतीदायक गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थपार्क्स या तांबं-सोन्याच्या खाणीत नोव्हेंबर १९९९ मध्ये अशाच पोकळीत वरचा दगड एकदम कोसळला, आतली हवा पिस्टनने दाबल्यासारखी बोगद्यांत शिरली आणि चार जण गेले. एकाच बाजूने जास्त ओढलं तरी त्रास, दगडाचा दाब दुसरीकडे सरकतो आणि बोगदे चिरडायला लागतात, किंवा वरचा बिनकामाचा दगड आणि पाणी मधेच खाली घुसतं. म्हणून प्रत्येक तोंडातून आज किती टन काढायचे याचा आकडा रोजच्या रोज ठरलेला असतो आणि तो खाणीतले अभियंते ठरवतात, सोन्याच्या भावाचा स्क्रीन बघणारे नाही.

ग्रासबर्गला तर वर जुना खड्डा आहे आणि पाऊस भरपूर. पाणी बारीक झालेल्या दगडात मुरतं आणि त्याचा चिखल होतो, मग एखाद्या तोंडातून दगड यायच्या ऐवजी तो चिखल अचानक धो धो येतो, याला मड रश म्हणतात. ओल्या तोंडांवर म्हणून लोडर दुरून रिमोटने चालवतात, ड्रायव्हर तिथे बसत नाही. एवढं करूनही ८ सप्टेंबर २०२५ ला साधारण ८ लाख टन ओला माल आत शिरला आणि सात कामगारांचा मृत्यू झाला. खाण थांबवली. त्या वेळी सोनं ३,६०० डॉलरच्या आसपास होतं आणि पुढच्याच महिन्यात ४,००० च्या वर गेलं. म्हणजे दर औंसामागे इतका पैसा इतिहासात कधीच मिळत नव्हता, आणि नेमकं तेव्हा तिथून सोनं येणं बंद. भावाने बोगदे साफ होत नाहीत.

आता वेगळ्या बाजूने एक प्रश्न येतो. समजा एखाद्या खाणीत खरंच थोडं जास्त सोनं काढता येण्यासारखं आहे, पायराइटवाली युक्ती किंवा आराखड्यात थोडा बदल. मग मालक ते नक्की करेल का? दरवेळी नाही, आणि यामागचं कारण खडकात नाही तर कागदावर आहे. तांब्याच्या खाणी बांधायला पैसा लागतो, तेव्हा मालक बऱ्याचदा भविष्यातलं सोनं आधीच विकून टाकतो. याला स्ट्रीमिंग म्हणतात. समोरची कंपनी आज मोठी रक्कम देते, आणि बदल्यात खाण चालू असेपर्यंत सोन्याचा ठरावीक हिस्सा अगदी कमी, आधीच ठरलेल्या भावाने घेते. ब्राझीलमधल्या सालोबो खाणीचं उदाहरण घ्या, व्हाले कंपनीने तिथलं ७५ टक्के सोनं व्हीटन नावाच्या स्ट्रीमिंग कंपनीला असंच दिलेलं आहे, औंसामागे मिळणारा भाव ४०० डॉलरच्या आसपास. म्हणजे बाजारात सोनं ४,००० ला गेलं काय आणि २,००० ला राहिलं काय, त्या तीन-चतुर्थांश सोन्यासाठी खाण चालवणाऱ्याला जवळपास तेवढेच पैसे. चुना कमी करायचा, जास्त पायराइट वाहून न्यायचं, स्मेल्टरशी घासाघीस करायची, हा सगळा खर्च त्याचा आणि वाढलेल्या भावाचा मलिदा दुसऱ्याचा. तुम्ही कराल? भावाचा आवाज ज्याच्या कानापर्यंत पोचायला हवा त्याने कान आधीच विकलेले आहेत. स्ट्रीमिंग कंपन्यांनाही हे माहीत असतं, म्हणून सालोबोच्या करारात गिरणीचा विस्तार केला तर व्हीटनने वेगळे पैसे द्यायचे असं कलमच होतं.

मग सोन्याच्या भावाचा तांब्याच्या खाणीवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण पुरवठा वाढवण्यापेक्षा तो टिकवण्यात जास्त. कंपन्या हिशोब असा लावतात की तांबं काढायचा खर्च एवढा, त्यातून सोन्याचे पैसे वजा केले, उरला तो तांब्याचा निव्वळ खर्च. ग्रासबर्गसारख्या ठिकाणी सोन्याचे पैसे इतके असतात की हा निव्वळ खर्च चांगल्या काळात शून्याच्याही खाली जातो, म्हणजे कागदावर तांबं फुकटात पडतं. अशी खाण तांब्याचा भाव कोसळला तरी बंद होत नाही. २००८ मध्ये तांबं काही महिन्यांत टनाला ८,००० डॉलरवरून ३,००० च्या आसपास आलं होतं, अशा वेळी सोनं नसलेल्या महागड्या खाणींचे हाल होतात आणि सोनंवाल्या तग धरतात. उलट बाजूही लक्षात ठेवा, ज्या खाणीत सोनं अगदी थोडं आहे तिथे तांबं पडलं की खाणच आकसते आणि सोबतचं थोडं सोनंही जातं, मग सोनं तेव्हा महाग का असेना.

म्हणून एखाद्या कंपनीचं सोनं वाढणार की घटणार हे बघायचं असेल तर सोन्याचा चार्ट बघून उपयोग नाही. तिमाही अहवालात तीन गोष्टी शोधायच्या: गिरणीत रोज किती टन जातंय, त्या दगडात टनाला किती ग्रॅम सोनं आहे, आणि त्यातलं किती टक्के हाती लागतंय. बहुतेक वेळा मोठी हालचाल मधल्या आकड्यात असते, टनाला किती ग्रॅम, आणि तो आकडा कोणाच्या हातात नसतो, खड्डा किंवा ठोकळा ज्या ठिकाणी पोचलाय तिथला खडक तो ठरवतो. लगेच प्रतिसाद देणारा पुरवठा हवा असेल तर तो जुनं सोनं मोडून येणारा, भाव चढला की तो काही आठवड्यांत हलतो, त्याला गिरणी लागत नाही आणि बोगदेही नाहीत.

ग्रासबर्गबद्दल कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्येच सांगून टाकलं होतं की २०२६ चं उत्पादन आधीच्या अंदाजापेक्षा साधारण ३५ टक्के कमी राहील. आधीचा अंदाज सोन्यासाठी १६ लाख औंसचा होता, म्हणजे साडेपाच लाख औंस, सतराएक टन सोनं त्या एका वर्षातून वजा. अपघात झालेला भाग २०२६ च्या पहिल्या सहामाहीपासून टप्प्याटप्प्याने सुरू करायचा आणि पूर्वीच्या पातळीवर यायला २०२७ उजाडेल, असं वेळापत्रक त्यांनी दिलं. त्यानंतर सोनं आणखी वर गेलं, वेळापत्रकातली तारीख त्यामुळे एक दिवसानेही अलीकडे आली नाही.